निळी टिक फक्त स्क्रीनची साक्ष देते

"ब्लू टिक आली म्हणजे वाचलंय. वाचून उत्तर नाही म्हणजे मुद्दाम टाळतोय. टिक ग्रे असेल तर अजून बघितलेलं नाही, आणि एकच टिक असेल तर ब्लॉक केलंय. टिक कधी खोटं बोलत नाही."
(ग्रुपवर फिरणारा मेसेज)

आधी निळी टिक. व्हॉट्सॲपनं ती नोव्हेंबर 2014 मध्ये आणली. तिचा अर्थ इतकाच, की समोरच्या खात्याच्या कुठल्यातरी स्क्रीनवर ते चॅट उघडं होतं आणि मेसेज तिथं उमटला. ती स्क्रीन फोनचीच असते असं नाही. एका खात्याला फोनशिवाय आणखी चार उपकरणं जोडता येतात, आणि आपल्याकडं निम्म्या दुकानांत काउंटरच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब दिवसभर चालूच असतं.

माझा एक मित्र लक्ष्मीपुरीत धान्याच्या पेढीवर हिशेब बघतो. त्याला सकाळी शाळेपासूनच्या दोस्तानं दवाखान्याच्या बिलाचा फोटो पाठवला. आकडे नीट दिसावेत म्हणून यानं ते चॅट कॉम्प्युटरवर उघडलं. तेवढ्यात दारात ट्रक लागला आणि हा पोती मोजायला गोदामात गेला. 12:40 ला दोस्ताचा मेसेज आला, "दुपारपर्यंत दहा हजार जमतील का? आईला आज घरी सोडणार आहेत." टिका तिथल्या तिथं निळ्या झाल्या. खुर्चीत कुणीच नव्हतं. तासभर वाट बघून दोस्तानं लिहिलं, "सीन करून सोडलंस. कळलं मला." त्यानंतर यानं केलेले फोनही त्यानं उचलले नाहीत. आई दवाखान्यात असलेल्या माणसाला असा राग येणारच, त्याचं मला नवल वाटत नाही. पण त्या टिकेवरून एवढा निकाल लावता येत नव्हता.

दोस्ताला हे ताडता आलं असतं. आपला मेसेज दाबून धरला, की Info मध्ये दोन वेळा दिसतात, एक पोचल्याची आणि एक वाचल्याची. इथं दोन्ही 12:40 होत्या. पोचल्याच्या मिनिटालाच वाचलं गेलं, म्हणजे चॅट आधीपासूनच उघडं असण्याची शक्यता मोठी. समोर माणूस होता की नाही, ते यावरून कळत नाही. पण "मुद्दाम उघडून, वाचून गप्प बसला" असं म्हणण्याआधी थांबायला एवढं पुरेसं आहे. कॉम्प्युटरवर दुसरी खिडकी पुढं असती किंवा स्क्रीन लॉक असती, तर सहसा टिक निळी झालीच नसती. म्हणून उठताना चॅट बंद करणं हे काउंटरवर बसणाऱ्याचंही काम आहे.

आता खरंच वाचून उत्तर न देणं. "जेवलास का?" याला उत्तर द्यायला दोन सेकंद लागतात. "दहा हजार जमतील का?" याला घरी विचारावं लागतं, खातं बघावं लागतं, कधी दुसऱ्याकडं शब्द टाकावा लागतो. ज्या मेसेजचं उत्तर जड, त्यालाच उशीर होतो. "सीन मारून बसलाय भावा" ही थट्टा चहाच्या गाड्यावर चालते, पण अडचणीतला माणूस तीच खरी धरून बसतो, हे मला सलतं.

ग्रे टिकेचा भरवसा तर त्याहून कमी. वरून खाली ओढलेल्या नोटिफिकेशनमध्ये मेसेज वाचला तर टिक निळी होत नाही. शिवाय Settings मध्ये Privacy खाली Read receipts बंद केलं, की त्या माणसानं दहादा वाचलं तरी टिका ग्रेच राहतात, आणि त्यालाही दुसऱ्यांच्या निळ्या दिसत नाहीत. ही मुभा ग्रुपमध्ये नाही, आणि व्हॉइस मेसेज ऐकल्यावर माइक निळा होतो तोही थांबवता येत नाही. ग्रुपमध्ये टिका निळ्या व्हायला सगळ्यांनी बघावं लागतं. एका काकांचा फोन चार दिवस बंद असला, तर मंडळाच्या वर्गणीचा मेसेज बाकी सगळ्यांनी वाचूनही ग्रेच दिसतो. कुणी बघितलं ते तिथंही Info मध्येच कळतं.

राहिली एकच टिक. मेसेज सर्व्हरपर्यंत गेला, पुढं पोचला नाही, एवढंच ती सांगते. फोन बंद असेल, नेट संपलं असेल, माणूस गगनबावड्याच्या घाटात असेल. सर्व्हर असा मेसेज 30 दिवस धरून ठेवतो आणि फोन चालू झाला की पोचवतो. ब्लॉक केल्यावरही एकच टिक दिसते, पण तेवढ्यावरून फरक कळत नाही. लास्ट सीन आणि फोटो गायब होणं ही खूणही कच्ची, कारण ते कुणालाही नुसत्या सेटिंगनं लपवता येतं. ब्लॉक केलेल्याला नक्की कळू नये अशीच ही रचना ठेवलेली आहे.

पैशाचं, दवाखान्याचं किंवा लग्नाच्या बोलणीचं काही असेल, तर मेसेज टाकून टिका मोजत बसू नका. साधा फोन लावा, आणि लिहायचंच असेल तर उत्तर किती वाजेपर्यंत हवंय आणि नाही जमलं तरी तसं कळव, हे त्याच मेसेजमध्ये लिहा.