‘सागरमाथा’ किती जुनं?

दावा: “सागरमाथा हे एव्हरेस्टचं प्राचीन नाव, इंग्रजांनी ते पुसलं.”

हे अर्धसत्य आहे. ‘सागरमाथा’ रूढ झालं ते 20व्या शतकात, नेपाळी इतिहासकार बाबुराम आचार्य यांच्या लेखनामुळे. जुनं आणि पवित्र नाव चोमोलुंग्मा. शेर्पा आणि तिबेटी लोक आजही तेच घेतात.

अन्याय झाला तो याच नावावर. 1856 साली ब्रिटिश भारताचे सर्वेक्षण प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी ‘स्थानिक नाव सापडत नाही’ म्हणत, तेव्हा ‘शिखर 15’ म्हणून नोंदलेल्या या शिखराला आपल्या आधीचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांचं नाव सुचवलं. खुद्द एव्हरेस्ट यांचा आक्षेप होता, तरी 1865 साली ते पक्कं झालं. चोमोलुंग्मा मात्र 18व्या शतकातल्या चिनी नकाशातच नोंदलेलं होतं!

एकच नाव ठरवणारा निवाडा आजही नाही. 2020 साली नेपाळ आणि चीनने 8848.86 मीटर उंची एकत्र जाहीर केली, तेव्हा आपापलं नाव कायम ठेवलं.