रफार आधी, त मागून

सोसायटीच्या सूचना यापुढे मराठीतच लावायच्या, असा ठराव झाला आणि सचिव म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. कन्येनं संगणकावर इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू करून दिला आणि जोडीला टायपिंगचा एक खेळ. "बाबा, शब्द वरून पडतात. जमिनीला टेकायच्या आत टाइप करायचे." एवढं सांगून ती कॉलेजला गेली.

पहिली पातळी मधल्या ओळीची. त्या ओळीत डावीकडे ओकार, एकार, हलन्त, ऱ्हस्व वेलांटी, ऱ्हस्व उकार आणि उजवीकडे प, र, क, त, च, ट. काना वरच्या ओळीत, म्हणजे साधा 'काका'सुद्धा लिहिता येत नाही. एवढ्या भांडवलात शब्द कसले निघणार? पोपट, चिकट, कटकट, किरकिर, कुरकुर. "काय पुटपुटताय?" हिनं आतून विचारलं. पुटपुट पुढच्याच ओळीत होतं.

मग जोडाक्षरं आली. वरून 'कर्तृत्व' उतरू लागलं. दिसायला अक्षरं तीन, कळा मात्र आठ: क, र, हलन्त, त, ऋकार, त, हलन्त, व. आमचा जन्म त काढून मग त्याच्या डोक्यावर रफार ठेवण्यात गेला. इथे रफार म्हणजे आधी र, मग हलन्त, आणि तो त येईपर्यंत क-च्या शेजारी पाय मोडून उभा. मी सवयीनं क नंतर त दाबला की लाल. पुन्हा त, पुन्हा लाल. तेवढ्यात कर्तृत्व जमिनीला मिळालं. पहिल्या वेलांटीचं याच्या उलट: हातानं लिहिताना ती आधी, इथे व्यंजनानंतर. हा न्याय मी एकवेळ मान्य केला. उच्चाराच्या क्रमानं टाइप करायचं म्हटलं की दोन्ही बसतात.

पण 'दऱ्या'चं काय? साधा र वापरला तर रफार होऊन 'दर्या' उमटतो. म्हणून शिफ्ट दाबून ऱ घेतला, हलन्त, य, काना. वर दऱ्या, खाली दऱ्या, केसाचा फरक नाही, आणि तरी लाल! शिवाय कोपऱ्यात '५/६'. सहावं अक्षर शोधायला मी चष्मा पुसला.

संध्याकाळी कन्येनं उलगडा केला. शब्दांची यादी करणाऱ्यानं ऱ वापरलाच नव्हता. साधा र, हलन्त आणि त्यापुढे, य-च्या आधी, एक न दिसणारा सांधा टाकून तसाच आकार काढला होता. डोळ्यांना एक दिसतं, खेळ मात्र आतले संकेत मोजतो. त्याच्या लेखी सहा, माझे पाच. अचूकता घसरली ती माझी.

"बरोबर तुमचंच आहे, बाबा," ती म्हणाली, "फक्त जुळत नाहीये."

आमचे खजिनदार दर मार्चमध्ये हेच सांगतात.