नगर पंचायतीचा गाळा आणि आमचे मामाजी

आमच्या तालुक्याच्या गावाची ग्रामपंचायत जाऊन तिथे नगर पंचायत आली, तेव्हा गावात तीन गोष्टी बदलल्या. सरपंचाच्या खोलीला नगराध्यक्षांचे दालन म्हणू लागले, घरपट्टी वाढली आणि बसस्थानकासमोरचे व्यापारी संकुल जाहीर लिलावात निघाले. त्यातला आठ नंबरचा गाळा मी झेरॉक्स आणि स्टेशनरीच्या दुकानासाठी घेतला. ‘घेतला’ हा शब्द आमच्या मामाजींचा आहे. जावयाने भर चौकात पक्के दुकान विकत घेतले, ही बातमी माझ्या या सासऱ्यांनी लिलावाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोहोचवली नाही असे एकही सोयरे उरले नव्हते.

लिलावाच्या अटी-शर्तींचा कागद कार्यालयात पैसे भरून मिळतो आणि तो वाचण्याची प्रथा आमच्याकडे नाही. मी वाचला. त्यातले महत्त्वाचे वाक्य पहिल्या पानावर नसून मागे, अगदी बारीक टाइपात होते. लिलावात बोलली जाते ती रक्कम गाळ्याची किंमत नसून अधिमूल्य आहे, ती परत मिळणार नाही, आणि तिच्या बदल्यात गाळा तीन वर्षांच्या भाडेपट्ट्याने वापरण्याचा हक्क मिळतो, असा त्याचा सरळ अर्थ. वार्षिक भाडे वेगळे, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, मालमत्ता कर आणि वीजबिल वेगळे. अनामत रक्कम मात्र गाळा सोडताना परत मिळते, अर्थात तेव्हा काही थकबाकी निघाली नाही तर.

तीन वर्षांचा हा आकडा आमच्या मुख्याधिकाऱ्यांच्या मर्जीने ठरलेला नाही. नगर परिषदा आणि नगर पंचायतींना लागू असलेल्या १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ९२ प्रमाणे त्यांना आपली स्थावर मालमत्ता स्वतःच्या अधिकारात जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी भाड्याने देता येते, त्यासाठीही सभेचा ठराव लागतो, आणि पुढचे नूतनीकरण करायचे तर वरच्या अधिकाऱ्याची परवानगी घेऊन एकूण मुदत नऊ वर्षांच्या आत ठेवावी लागते. हे सारे मी मामाजींना चहाच्या वेळी नीट समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘ते कागदावर असते जी जवाईबुवा. बारा वर्स बसले का गाळा आपलाच होते. कोन उठवते?’’

वहिवाटीच्या बारा वर्षांवर मामाजींची अपार श्रद्धा आहे. भाडेकरू म्हणून आत शिरलेला माणूस भाडे भरत भरत मालक होत नाही, हे मी सांगून पाहिले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा शासनाच्या आणि स्थानिक प्राधिकरणाच्या जागांना लागूच होत नाही, म्हणजे खासगी मालकाच्या जुन्या भाडेकरूला जे संरक्षण असते तेवढेही आपल्याला नाही, हेही सांगितले. त्यावर त्यांनी ‘‘तुमी लय वाचता,’’ एवढाच निकाल दिला.

लिलावाआधी मी वहीत एक हिशेब मांडला होता. तसल्याच आकाराची खासगी खोली बसस्थानकाजवळ महिना ५,५०० रुपयांना मिळत होती. नगर पंचायतीने आठ नंबरचे भाडे वर्षाला १८,००० ठरवले होते, म्हणजे जीएसटी धरून २१,२४०. समजा मी ३,६०,००० अधिमूल्य दिले आणि तीन वर्षांनंतर नूतनीकरण झालेच नाही, तर ते वर्षाला १,२०,००० पडते आणि भाड्यासह महिन्याचा खर्च ११,७७० होतो, जो खासगी खोलीच्या दुपटीहून अधिक आहे. एकदा नूतनीकरण झाले तर तोच खर्च ६,८५० च्या आसपास येतो. दोनदा झाले, पूर्ण नऊ वर्षे मिळाली आणि प्रत्येक नूतनीकरणाला भाडे दहाच टक्के वाढले, तर तो ५,३०० च्या खाली उतरतो. म्हणजे नऊ वर्षे सगळ्या अटी पाळून, सगळ्यांशी गोड बोलून मी आजच्या दराने महिन्याला साधारण दोनशे रुपये वाचवणार होतो. खासगी मालकही मध्ये भाडे वाढवील, आणि बसस्थानकासमोरचे गिऱ्हाईक गल्लीतल्या खोलीत येत नाही, या दोन कारणांसाठी ३,६०,००० ही मर्यादा मला पटली. तिच्या वर एक रुपयाही जायचे नाही, असे मी वहीत लाल शाईने लिहून ठेवले.

लिलाव मे महिन्यात, भर दुपारी, पत्र्याच्या सभागृहात झाला. बाबूंच्या टेबलावर हातोडा नव्हता, म्हणून त्यांनी स्टॅम्प पॅडची पत्र्याची डबी वापरली. सरकारी बोली दीड लाखाची होती आणि बोली पाच-पाच हजारांनी वाढत होती. अडीच लाखांपर्यंत अर्धी माणसे गळाली. एका पानठेलेवाल्याला गाळा नकोच असावा, पण दुसऱ्याला तो स्वस्तात मिळू नये याची त्याला मनापासून काळजी होती. तीन लाख पंचावन्न हजारांवर त्याने रुमालाने मान पुसली. मी तीन साठ म्हणालो. मागच्या खुर्चीवरून मामाजी माझ्या पाठीत बोट खुपसत होते, ‘‘चार बोला, चार बोला, म्हंजे तो बसन.’’ बाबूंनी एकवार, दोनवार करत कूलरच्या आवाजावर आवाज चढवला, तीनवार म्हणून डबी आपटली, आणि तिचे झाकण उडून निळी शाई अटी-शर्तींच्या कागदावर सांडली. ती नेमकी नूतनीकरणाच्या कलमावर पडली, यात कोणाचा हेतू नव्हता.

बोली सर्वांत मोठी असली तरी गाळा त्या क्षणी आपला होत नाही. पाव रक्कम म्हणजे ९०,००० त्याच दिवशी भरायचे, त्यात आधी भरलेली बयाणा रक्कम वळती होते. उरलेले २,७०,००० सभेने बोली मंजूर केल्याचे पत्र मिळाल्यापासून ठरलेल्या मुदतीत भरायचे, नाहीतर भरलेले जप्त. पत्र आले, मी डिमांड ड्राफ्ट दिला, पावती घेतली. त्यानंतर ताबा मिळायला पावसाळा उजाडला, कारण संकुलाची शटरे बसवणाऱ्या ठेकेदाराचे बिल अडकले होते आणि त्याने किल्ल्या स्वतःकडे ठेवल्या होत्या.

इथे मला एका कागदाचे मोल कळले, त्याला ताबा पावती म्हणतात. भाडे मंजुरीच्या तारखेपासून मोजायचे की ताब्याच्या, हे करारनाम्याच्या मसुद्यात कोरे ठेवलेले होते. मी लेखी अर्ज देऊन ‘प्रत्यक्ष ताब्याच्या दिनांकापासून’ हे शब्द लिहून घेतले आणि किल्ली हातात आली त्या दिवशीची तारीख, चतुःसीमा आणि गाळ्याची स्थिती लिहिलेली पावती सहीशिक्क्यासह घेतली. स्थितीच्या रकान्यात बाबूंनी ‘चांगली’ असे लिहिले होते. त्यावेळी आम्ही दोघेही छताखाली छत्री उघडून उभे होतो. मी विनंती केल्यावर त्यांनी ‘चांगली’ खोडून ‘साधारण’ केले आणि पुढे बारीक अक्षरात ‘गळती आहे’ हेही मोठ्या मनाने लिहिले. शेजारच्या सात नंबरवाल्याने ही पावती घेतली नाही, त्याला न मिळालेल्या किल्लीच्या महिन्यांचेही भाडे लागले.

करारनामा नोंदवून घ्यायचा की नाही, यावर घरात पुन्हा सभा भरली. मामाजींच्या मते मुद्रांक म्हणजे पैसे पाण्यात. परंतु एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो, आणि नोंदवलेला नसेल तर उद्या वाद झाल्यावर तीन वर्षांची मुदत दाखवायला माझ्याकडे काहीच उरत नाही. खर्च भाडेकरूनेच करायचा असतो, तो मी केला. नोंदणी झाल्यावर मामाजींनी कागद हातात घेतला, शिक्के मोजले आणि विचारले, ‘‘याच्यात सात-बारा कुठी हाये?’’

त्यानंतरची वर्षे मी करारनाम्याच्या अटींशी संसार केला. पोटभाडेकरू ठेवायचा नाही, परवानगीशिवाय धंदा बदलायचा नाही, शटरच्या पुढे सामान मांडायचे नाही, वार्षिक भाडे आगाऊ भरायचे आणि पावत्या जपायच्या. यातली दुसरी अट जूनमध्ये फार जाचते, कारण पेरणीच्या दिवसांत शेतकरी झेरॉक्सला कमी आणि मेणकापडाला जास्त येतात. मामाजींनी एकदा माझ्या माघारी मेणकापडाचा गठ्ठा ओट्यावर मांडला. दुसऱ्या दिवशी ‘प्रयोजनात बदल व अतिक्रमण’ अशा विषयाची नोटीस आली. मी सात दिवसांच्या आत खुलासा दिला, गठ्ठा उचलला आणि खुलाशाच्या दुय्यम प्रतीवर आवकचा शिक्का मारून घेतला. मामाजींना ही नोटीस पानठेलेवाल्याचे काम वाटते. मला ते शक्य वाटते, पण नूतनीकरणाच्या वेळी फाइलमध्ये नोटीस असते, पानठेलेवाला नसतो.

मुदत संपण्याच्या तीन महिने आधी मी नूतनीकरणाचा अर्ज दिला. सोबत भाड्याच्या सगळ्या पावत्या, मालमत्ता कराची पावती, थकबाकी नसल्याचा दाखला, मूळ करारनाम्याची प्रत आणि तो खुलासा जोडला. नूतनीकरण हा हक्क नाही, नगर पंचायत ते नाकारू शकते, हे मला माहीत होते, म्हणून अर्जात ‘मिळावे’ असे लिहिले आणि मामाजींनी सुचवलेले ‘द्यावेच लागेल’ वगळले. बाबूंनी अर्ज उलटसुलट पाहिला आणि म्हणाले की भाडे निश्चिती समितीने नव्या दराने वर्षाला २४,००० सुचवले आहे. माझ्या वहीतली दहा टक्के वाढ तिथल्या तिथे वारली. या दराने पूर्ण नऊ वर्षे मिळाली तरी खासगी खोलीपेक्षा काही वाचणार नव्हते. तरी मी होकार लिहून दिला, कारण नव्या लिलावात पुन्हा अधिमूल्य मोजावे लागले असते आणि जुने तीन साठ तर कधीच खड्ड्यात गेले होते.

विषय सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर एकदा आला, तेव्हा गणपूर्ती झाली नाही. मधल्या काळात मुदत संपली. आता मी दर महिन्याला पैसे भरतो आणि ते ‘नूतनीकरणाच्या निर्णयास अधीन राहून’ घेतल्याचा शेरा पावतीवर मागून घेतो. पैसे घेतले म्हणून मुदत वाढली असे कोणी समजू नये, असे बाबू म्हणतात, आणि शेरा लिहिताना ते ही गोष्ट दर वेळी मला नव्याने समजावतात.

मामाजी या सगळ्यात निर्धास्त आहेत. बारातली तीन गेली, नऊ उरली, असा त्यांचा हिशेब आहे. परवा त्यांनी रंगाऱ्याला बोलावून गाळ्याच्या पाटीवर खाली ‘मालक’ असे लिहून माझे नाव टाकायला सांगितले. मी रंगाऱ्याला ते ‘प्रोप्रायटर’ करायला लावले, कारण धंद्याचा मालक तरी मी आहे. पाटी शटरच्या चौकटीबाहेर चार इंच येत होती, ती मी लगेच कापूनही घेतली.