शेपूट किती उरलं ते बघा

“फंक्शनची किंमत टॉलरन्सपेक्षा कमी झाली की तिथंच इंटिग्रल तोडायचं, बरोबर ना?”

नाही. बघायचं असतं ते तोडलेल्या शेपटाचं क्षेत्रफळ.

0 ते अनंत `1/(1+x²)` घ्या. खरं उत्तर π/2, म्हणजे 1.5707963. टॉलरन्स 10⁻⁶. x = 1000 ला फंक्शन 10⁻⁶ पर्यंत उतरतं, पण x = L ला तोडलं तर पुढचं शेपूट साधारण 1/L असतं, म्हणजे इथं 0.001. चूक हजारपट! शेपटासाठीच L दहा लाखांच्या पुढे न्यावा लागेल, आणि टॉलरन्सचा काही वाटा सिम्प्सनच्या चुकीलाही ठेवायला हवा.

इथं `x = t/(1-t)` घाला. इंटिग्रल 0 ते 1 वर `1/(1-2t+2t²)` चं होतं. शेपूटच उरत नाही. सिम्प्सनचे फक्त 9 बिंदू 1.570784 देतात, चूक सुमारे 0.000012. बिंदू वाढवले की तीही झपाट्यानं घटते.

`e^(-x²)` ला मात्र तोडणं अगदी योग्य. त्याचं शेपूट `e^(-L²)/(2L)` पेक्षा लहान असतं; L = 4 ला ते सुमारे 1.4×10⁻⁸ भरतं.

शेपटाचं सूत्र हाताशी नसेल तर L दुप्पट करून बघा. पहिल्या उदाहरणात 1000 चे 2000 केले की उत्तर 0.0005 नं हलतं, आणि तिथंच चूक उघडी पडते.