रेल्वे गेटवरचं ऊन आणि ऑइलचा दुसरा आकडा

दुचाकीच्या इंजिन ऑइलवरच्या माझ्या आधीच्या लेखावर एका वाचकानं लिहिलंय: "उन्हाळ्यात सगळ्यांनी २०डब्ल्यू-५० घाला म्हणून लिहिलाय. माझी १२५ सीसी, पुस्तकात १०डब्ल्यू-३० आहे. तुमचं ऐकून घातलं तर मायलेज पडलं, सकाळी गाडी जड वाटते. कंपनीपेक्षा तुम्हाला जास्त कळतंय काय?"

नाही कळत. 'सगळ्यांनी' हा शब्द माझी चूक. माझी जुनी १५० सीसी, तिच्या पुस्तकातच २०डब्ल्यू-५० आहे, आणि तोच माप मी सगळ्यांना लावला. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण उन्हाचा मुद्दा मी सोडत नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. २०डब्ल्यूची थंड स्टार्टची चाचणी उणे १५ अंशांवर होते, तेवढी थंडी बेळगावला कुठली? तरी सकाळी जाड ऑइल पंपाला ओढावं लागतंच, तुमची गाडी जड वाटते ती त्यामुळे. उन्हाळ्यात बघायचा तो मागचा आकडा, म्हणजे तापल्यावरचा जाडपणा.

मे महिन्यात दुपारी बेळगावच्या दुसऱ्या नंबरच्या रेल्वे गेटला गाडी चालू ठेवून उभं राहा. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वाराच मिळत नाही, फिन्स नुसत्या तापत राहतात. ऑइल १०० अंशांवर असताना ३० ग्रेडचा जाडपणा साधारण १०.५ सेंटीस्टोक असतो; १३० अंशांवर तो सहाच्या आसपास येतो. ५० ग्रेडचं ऑइल त्याच तापमानाला साडेनऊ-दहाच्या घरात राहतं. म्हणजे तापलेलं ५० हे जवळपास १०० अंशांवरच्या ३० इतकंच असतं. माझ्या गाडीला त्या जाडपणाची गरज आहे. तुमच्या इंजिनाच्या फटी आणि ऑइलच्या वाटा पातळ ऑइल धरून बेतलेल्या, तिथं ५० घातलं तर पंप ताकद खातो आणि थंड स्टार्टला वरच्या कॅमपर्यंत ऑइल उशिरा पोचतं. मायलेज तिथंच गेलं.

ऑइल फार पातळ झालंय हे ओळखायचं कसं? गेटवर न्यूट्रल सापडत नाही, गिअर खटकन पडतो, टॅपेटचा आवाज वाढतो. आपल्या गाड्यांत गिअरबॉक्स आणि क्लच त्याच ऑइलात असतात. गिअरचे दात ऑइलातला जाडपणा टिकवणारा पॉलिमर चिरडत जातात, म्हणून डब्यावर ४० असलेलं ऑइल काही हजार किलोमीटरनंतर ३० सारखं वागू शकतं. यातली न्यूट्रलची आणि गिअरची लक्षणं क्लच केबल बिघडल्यावरही दिसतात, तेव्हा आधी तिचा प्ले बघा.

तुमच्यासाठी माझं मत असं: पुस्तकात तापमानाचा तक्ता असेल आणि त्यात १०डब्ल्यू-४० असेल, तर मार्च ते मे तेवढंच, जासो एमए शिक्क्याचं, म्हणजे ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणारं. तक्त्यात नसेल तर १०डब्ल्यू-३० च ठेवा आणि उन्हाळ्यात ते थोडं लवकर बदला. डिपस्टिकही बघत चला. एक लिटर ऑइल बसणाऱ्या इंजिनात २०० मिली कमी असेल तर उरलेल्या ऑइलावरच सगळी उष्णता येते, मग ग्रेड कोणताही असो. आणि गेट पडलं की इंजिन बंद करा.

आता घातलेल्यानं इंजिन लगेच जात नाही. सकाळी स्टार्ट केल्यावर वरचा खडखडाट काही सेकंद टिकत असेल तर या आठवड्यातच काढून टाका. नसेल तर पुढच्या सर्व्हिसला काढा, तोवर थंड इंजिनाला रेस देऊ नका.