रखमाबाईंच्या खटल्यात सापेक्षतावादी कुठे उभा राहील? एका प्रतिक्रियेला उत्तर

*"आपला 'दोन विद्यार्थ्यांचा संवाद' वाचला. सौमित्रच्या तोंडी आपण सापेक्षतावादाची सर्वांत दुबळी बाजू घातली आहे. 'ज्या समाजाचे त्याला योग्य' एवढेच तो म्हणतो आणि 'मग तुला कशावरच टीका करता येणार नाही' असे सुनावून ईरा जिंकते. सापेक्षतावादी समाजाच्या आतून टीका करू शकतो, हे आपल्या लक्षात आले नाही का? शिवाय उदाहरण रखमाबाईंचे. आज त्यांच्या विरोधात कोण बोलणार? निकाल आधी ठरवून मग संवाद लिहिला, असे वाटले."*

माझ्या त्या संवादातील सौमित्र सापेक्षतावादी आहे, म्हणजे योग्य-अयोग्य ज्या त्या समाजाच्या प्रमाणानेच ठरते असे मानणारा; ईरा ते नाकारते. आपली पहिली हरकत मला मान्य आहे, दुसरी नाही. सुरुवात दुसरीपासून करतो, कारण खटल्याचा तपशील समोर असला की पहिली हरकत कुठवर पोहोचते तेही स्पष्ट होते.

रखमाबाईंचे लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्यानंतर त्या सावत्र वडिलांच्या, म्हणजे डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच राहिल्या, शिकल्या आणि पुढे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, अपिलात प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी परत आले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी निर्णय दिला की रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जावे, नाहीतर सहा महिन्यांची कैद भोगावी. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली, तेव्हा हा विषय मिटला.

या प्रकरणात दोन प्रथा एकमेकींत गुंतल्या आहेत. एक बालविवाहाची, आणि दुसरी नकार देणाऱ्या जोडीदाराला न्यायालयाच्या हुकमाने नांदायला लावण्याची. पहिलीच्या बाजूने आज कोणी उघडपणे बोलणार नाही, हे आपले म्हणणे मी मान्य करतो. दुसरी मात्र १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये अजून आहे. तिथे कैद नाही. हुकूम न पाळल्यास मालमत्तेवर जप्ती येऊ शकते आणि हा दावा पती किंवा पत्नी कोणीही लावू शकते. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले, आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. जिल्हा न्यायालयात काम करणाऱ्या कोणत्याही वकिलाला 'नांदायला येण्याचा दावा' म्हणजे काय हे विचारून पाहावे. निकाल आधीच ठरलेला असता, तर हे कलम राहिले नसते.

आता पहिली हरकत. मूळ संवादातील सौमित्र 'जे चालते ते योग्य' या पलीकडे जात नाही, ही माझी चूक आहे. ज्या मताचे खंडन करायचे त्याची सर्वांत भक्कम मांडणी आधी केली पाहिजे, हे मी वर्गात सांगतो आणि इथे मीच ते पाळले नाही. म्हणून तो भाग नव्याने लिहिला आहे.

सौमित्र: प्रमाण समाजाच्या बाहेर कुठेतरी टांगलेले नसते, एवढेच माझे म्हणणे आहे. पण समाजाचे प्रमाण वेगळे आणि समाजाचे वागणे वेगळे. समाज स्वतःच्या प्रमाणाला चुकतो, तेव्हा मी त्याला तसे सांगू शकतो.

ईरा: मग रखमाबाईंच्या बाबतीत सांगून दाखव.

सौमित्र: पिन्हींच्या निकालातच ते आहे. आमच्या धर्मात ढवळाढवळ नको, असे म्हणत लोक दादाजींच्या मागे उभे राहिले. पण त्यांनी मागितलेला उपाय त्यांच्या धर्मातला नव्हताच. नवऱ्याने न्यायालयात जाऊन बायकोला नांदायला लावण्याचा दावा इंग्लंडमधील चर्चच्या न्यायालयांतून इकडे आला होता, आणि हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही असे पिन्ही म्हणाले. शिवाय हुकूम न पाळल्याबद्दलची कैद खुद्द इंग्लंडने १८८४ मध्ये रद्द केली होती. म्हणजे परंपरेच्या नावाने परंपरेत नसलेली गोष्ट मागितली गेली. त्यांच्याच मोजमापाने ते चुकले.

ईरा: तू त्यांची विसंगती दाखवलीस. समजा, ते म्हणाले की बरे, न्यायालयाचा उपाय परका आहे, तो आम्ही सोडतो; आमची जात तिला वाळीत टाकेल, तो उपाय आमचा स्वतःचा आहे. विसंगती मिटली आणि जबरदस्ती तशीच राहिली. आता तुझी टीका कुठे आहे?

सौमित्र: मग मी आणखी खोल जाईन. रखमाबाईंची आई विधवा झाल्यावर तिचे पुन्हा लग्न झाले, कारण त्यांच्या सुतार जातीत ती चाल होती. ज्या समाजाने एका स्त्रीला नवा संसार मांडू दिला, त्याच्या मनात स्त्रीच्या सुखदुःखाला काही वजन होते. तेच वजन मुलीच्या पारड्यातही टाका, असे मी म्हणेन.

ईरा: पण 'केसरी'ने रखमाबाईंच्या विरोधात भूमिका घेतली, आणि त्याच्या कर्मठ वाचकाला विधवेचा पुनर्विवाहच मान्य नव्हता. मग तू ज्याच्या आतून बोलतोस तो समाज कोणता? मुंबईतील सुतार जात, पुण्यातील ब्राह्मण वाचक, सगळे हिंदू, की राणीच्या राज्यातील सगळी प्रजा? वर्तुळ बदलले की तुझा निर्णय बदलतो, आणि कोणते वर्तुळ धरायचे हे तुझा वाद सांगत नाही.

सौमित्र: ते मला आधी ठरवावे लागेल, हे खरे.

ईरा: आणि ते तू कशाच्या आधारे ठरवशील?

आपण म्हणता ती आतून होणारी टीका खरी आहे, उपयोगी आहे, आणि आपल्याकडच्या सुधारणांच्या इतिहासात तिने मोठे काम केले आहे. सापेक्षतावाद्याला मुळीच टीका करता येत नाही, हे ईराचे जुने वाक्य म्हणूनच मी काढून टाकले. तिचा नवा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे. 'इंडियन लॉ रिपोर्ट्स'च्या मुंबई मालिकेतील नवव्या खंडात पिन्हींचा निकाल छापलेला आहे. त्यातील काही पाने मी दरवर्षी वर्गात वाचायला देतो. एका वर्षी एका विद्यार्थिनीने हिंदू कायद्याचा उल्लेख येईल तिथे पेन्सिलीने गोल केला आणि समासात प्रत्येक वेळी एकच शब्द लिहिला: 'कोणाचा?' तो कागद मी ठेवून घेतला आहे. सापेक्षतावादाला 'समाज' ही आयती, कडा शाबूत असलेली वस्तू लागते, आणि या खटल्यात ती कुठेच सापडत नाही. परंपरा म्हणून जिचा बचाव चालला होता, तिचा अर्धा भाग लंडनहून आलेला होता.

यापुढचा मुद्दा एकट्या माणसाचा आहे. १८८५ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' अशा सहीने रखमाबाईंची पत्रे आली. अभ्यास आणि मनाची जोपासना ही आपल्याला सर्वांत प्रिय आहे आणि बालविवाह नेमका तिच्याच आड आला आहे, असे त्यांनी लिहिले. योग्य म्हणजे बहुतेकांना मान्य असलेले, अशी व्याख्या धरली तर त्या पत्रातील तक्रार ज्या दिवशी छापली त्या दिवशी चुकीची होती, आणि लोकांचे मत फिरले त्या दिवशी ती बरोबर झाली. हे मला पटत नाही, आणि आपल्यालाही पटणार नाही असे मी धरून चालतो. नवा सौमित्र या अडचणीतून सुटतो, कारण समाजाची मूलतत्त्वे नीट लावली तर ती कुठे नेतात हे समाजाच्या आधी एकटी व्यक्ती पाहू शकते, असे तो म्हणतो. पण या सुटकेची किंमत आहे. सगळा समाज मिळून ज्याच्याबाबत चुकू शकतो असे प्रमाण एकदा मान्य केले, की ईराच्या आणि त्याच्या मतांत अंतर फारच थोडे उरते.

ते उरलेले अंतर कुठे आहे, हे १९४७ च्या एका दस्तऐवजात दिसते. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची तयारी चालू असताना अमेरिकन मानवशास्त्र संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाला निवेदन पाठवले. मेल्व्हिल हर्स्कोविट्झ यांनी त्याचा मसुदा केला होता. प्रमाणे ज्या संस्कृतीतून येतात तिच्याशी सापेक्ष असतात, असे ते निवेदन सांगते. पण महायुद्ध नुकतेच संपले होते आणि नागरिकांचे हक्क नाकारणाऱ्या राजवटींचे काय, या प्रश्नाला उत्तर देणे भाग होते. तेव्हा निवेदनाने म्हटले की अशा ठिकाणीही त्या लोकांच्या संस्कृतीतील खोलवरच्या मूल्यांना आवाहन करता येईल. हा आपला आणि सौमित्रचाच मार्ग आहे. त्यावर सहकारी मानवशास्त्रज्ञांनीच बोट ठेवले: ती खोलवरची मूल्ये राजवटीच्याच बाजूची निघाली तर? ती आपल्या बाजूची असतील, ही आशा सापेक्षतावादातून निघत नाही. ती बाहेरून आणावी लागते.

अशा समाजासमोर सापेक्षतावादी गप्प बसतो असेही नाही. तो स्वतःच्या प्रमाणाने विरोध करू शकतो, कायदा मागू शकतो, पळून आलेल्या मुलीला घरात आसरा देऊ शकतो. दुसऱ्यांच्या प्रथांबाबत सहिष्णु राहा, हा आदेश त्याच्या वादातून निघतच नाही. निघाला असता तर तो सर्व समाजांना लागू होणारा नियम ठरला असता, आणि तसा नियम तर तो नाकारतो. त्याला म्हणता येत नाही ती एकच गोष्ट: 'तुम्ही हे करू नये याला तुमच्यासाठीही कारण आहे, ते तुम्हाला दिसो वा न दिसो.' समोरच्याला पटवून देता येणे आणि समोरच्यासाठी कारण असणे, या दोन गोष्टींची वर्गात नेहमी गल्लत होते. पटवण्यात ईराही अपयशी ठरेल, कदाचित सौमित्रपेक्षा जास्त. पण मार्च १८८७ मध्ये रखमाबाई कैदेला तयार झाल्या तेव्हा, दादाजींना माझे म्हणणे पटते की नाही यावर माझा नकार अवलंबून नाही, असाच त्यांच्या वागण्याचा अर्थ होता.

म्हणून संवादाचा शेवट आता असा आहे, आणि तो आपल्याला मान्य नसेल तर नेमका कुठे, हे वाचायला मला आवडेल.

सौमित्र: मी रखमाबाईंच्या बाजूने उभा राहीन, एवढे तुला पुरेसे नाही का?

ईरा: मला पुरेसे आहे. पण तू त्यांच्या बाजूला उभा राहून 'मला असे वाटते' म्हणशील, आणि त्या तर न्यायालयाला 'तुम्ही चुकता आहात' म्हणत होत्या.