टॅग वीस, पण शीर्षकात काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

फ्रेशरच्या रिझ्युमेवरच्या यूट्यूब व्हिडिओत फॉरमॅट, सेक्शन, चुका शीर्षकातच सांगा, असं मी लिहिलं होतं. त्यावर ही प्रतिक्रिया आली:

«फॉरमॅट, सेक्शन, चुका सगळं शीर्षकातच सांगून टाकलं तर पोरं व्हिडिओ कशाला बघतील? आम्ही लातूरहून फ्रेशर्ससाठी व्हिडिओ टाकायलो, प्रत्येकाला वीस टॅग देतो. टॅगबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाही.»

आधी टॅगचं. शोधात टॅगचा वाटा अगदी किरकोळ असतो, हे यूट्यूबच्या मदतपानावरच लिहिलंय. नेहमी चुकीचा लिहिला जाणारा शब्द असेल तरच त्यांचा उपयोग. ‘रेझ्युमे’, ‘रिझुमे’, ‘resume’ एवढे टाका आणि पुढे चला. तेच टॅग वर्णनात ओतू नका, ते नियमाविरुद्ध आहे.

आता गुपिताचं. उद्या वाळूजला मुलाखत असलेला डिप्लोमाचा पोरगा रात्री नऊला शोधतो, तेव्हा त्याला कुतूहल नसतं, अडचण असते. अडचणीचं नाव सांगा, उपाय व्हिडिओत दाखवा. उदाहरणार्थ:

```
फ्रेशर रिझ्युमे: एक पानाचा फॉरमॅट, 6 सेक्शन, 5 चुका
```

यात 51 अक्षरं आहेत. मर्यादा 100 ची असली तरी मोबाईलवर लांब शीर्षकाची शेपटी कापली जाते. शिवाय मराठीत काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. ‘रिझ्युमे’ डोळ्याला तीन अक्षरं दिसतो, मोजणीत आठ होतात. म्हणून ‘फ्रेशर रिझ्युमे’ सुरुवातीलाच हवं.

वर्णनाच्या पहिल्या दोन ओळीच न उघडता दिसतात. तिथे चॅनेलचं स्वागत नको. आपल्याकडे नोकरीच्या कागदालाही ‘बायोडाटा’च म्हणतात, तो शब्द तिथे घ्या. आणि चुका पोराच्या तोंडच्या शब्दांत लिहा. ‘प्रोजेक्ट प्रभावी मांडा’ ही चूक नाही, सल्ला आहे. ‘प्रोजेक्टचं नुसतं नाव लिहिलंय, स्वतः काय केलं ते नाही’ ही चूक. तशीच ‘वडिलांचा व्यवसाय, जात, वैवाहिक स्थिती लिहिलीय’ ही लग्नाच्या बायोडाट्यातून आलेली.

त्याखाली प्रकरणं, म्हणजे चॅप्टर्स:

```
0:00 जुना रिझ्युमे, त्यातल्या 5 चुका
1:10 फॉरमॅट: A4, एक पान, एक कॉलम
2:20 नाव-संपर्क आणि सारांश
3:30 शिक्षण (शेवटचं आधी) आणि प्रशिक्षण
5:00 प्रोजेक्ट आणि कौशल्यं
7:15 PDF सेव्ह करताना फाईलचं नाव
```

पहिली वेळ 0:00 हवी, वेळा चढत्या क्रमाने, किमान तीन, आणि प्रत्येक प्रकरण निदान दहा सेकंदांचं. इंट्रो सोडून 0:15 पासून सुरुवात केली की एकही प्रकरण दिसत नाही, आणि लोक ‘यूट्यूब बिघडलं’ म्हणून बसतात.

तुमची शंका एका जागी मात्र खरी आहे. शीर्षकात पाच चुका लिहिल्या आणि व्हिडिओत तीनच दुरुस्त केल्या, तर चौथीसाठी आलेला पोरगा मधूनच निघून जातो. म्हणून आकडा शूटिंगच्या आधी ठरवू नका. एडिटिंग झाल्यावर दुरुस्त केलेल्या चुका मोजा, मगच शीर्षकात घाला.